दारू घेतली की पटकन झोप लागते, मग रात्री अडीचला डोळे का उघडतात?

'दोन पेग मारले की गाढ झोप लागते.' हे वाक्य महाराष्ट्राच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात त्याला धानाच्या शेतीचा संदर्भ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून काम करावं लागतं. संध्याकाळी कंबर धरलेली असते आणि पाय ठणकत असतात. अशा वेळी 'थोडी घेतली की अंग हलकं होतं अन् झोप लागते' हा अनुभव खोटा नसतो. दारू घेतल्यावर झोप खरोखरच लवकर लागू शकते.

पण याच माणसाला पुढचा प्रश्न विचारला की उत्तर बदलतं. रात्री मधेच जाग येते का? 'हो, अडीच-तीनला डोळे उघडतात. घसा कोरडा पडलेला असतो. मग पहाटेपर्यंत नुसतं कूस बदलणं.' सकाळी बांधीवर जाताना डोकं जड असतं आणि संध्याकाळी पुन्हा तीच गरज वाटू लागते.

लाखांदूर तालुक्याच्या कडेने वैनगंगा वाहते. तालुक्याला लागूनच गडचिरोली जिल्ह्यातला देसाईगंज म्हणजे वडसा तालुका आहे, आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. भंडाऱ्यात मात्र दुकानं सुरूच आहेत. त्यामुळे या भागात दारूची चर्चा झाली की ती बहुतेक वेळा बंदी, महसूल, अवैध विक्री आणि घरातली भांडणं यांच्याभोवती फिरते. दारूचा झोपेवर काय परिणाम होतो, हा विषय त्यात क्वचितच येतो. पण अनेक घरांत रोजच्या पिण्याचं कारण 'झोप' हेच सांगितलं जातं. म्हणूनच हे कारण कितपत खरं आहे ते पाहायला हवं.

आधी साधी गोष्ट : चांगली झोप कशी असते?

झोप म्हणजे रात्री बंद केलेला आणि सकाळी चालू केलेला दिवा नव्हे. ती लाटांसारखी येते. साधारण दीड तासाचं एक चक्र असतं आणि रात्रभरात अशी चार ते सहा चक्रं होतात. प्रत्येक चक्रात आधी हलकी झोप येते, मग गाढ झोप, आणि शेवटी 'रेम' नावाचा टप्पा. रेम झोपेत बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात आणि बहुतेक ठळक स्वप्नं याच टप्प्यात पडतात.

पण सगळी चक्रं सारखी नसतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. उत्तरार्धात, म्हणजे साधारण दोन-तीननंतर, गाढ झोप कमी होत जाते आणि रेम वाढतं. थकलेल्या शरीराची डागडुजी बरीचशी गाढ झोपेत होते. दिवसभरातल्या भावना आणि आठवणी यांची आवराआवर करण्यात रेमचा मोठा वाटा असतो. रात्रीचे दोन्ही अर्धे नीट झाले तरच सकाळी ताजंतवानं वाटतं.

दारू नेमकी इथेच ढवळाढवळ करते. ती पूर्वार्धाला एक वागणूक देते आणि उत्तरार्धाला बरोबर उलटी.

झोप पटकन का लागते?

मेंदूत दोन विरुद्ध कामं सतत सुरू असतात. काही रसायनं पेशींना शांत करतात, तर काही त्यांना चेतवतात. शांत करणाऱ्यांपैकी मुख्य रसायनाचं नाव 'गाबा' आणि चेतवणाऱ्यांपैकी मुख्य 'ग्लुटामेट'. ट्रॅक्टरची उपमा द्यायची तर गाबा हा ब्रेक आणि ग्लुटामेट हा ॲक्सिलरेटर.

दारूतलं अल्कोहोल ब्रेक जास्त दाबतं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करतं. त्यामुळे विचारांची गर्दी मंदावते, अंग सैल पडतं, दुखणं बोथट होतं.

याच्या जोडीला तिसरं रसायन काम करतं. त्याचं नाव ॲडेनोसिन. माणूस जितका जास्त वेळ जागा राहतो, तितकं मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ॲडेनोसिनचा परिणाम रोखतं, म्हणून चहा प्यायल्यावर तरतरी येते. अल्कोहोल उलट करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की अल्कोहोलमुळे ॲडेनोसिन पेशींमध्ये परत शोषलं जाण्याचं काम मंदावतं आणि ते मेंदूतल्या झोपेशी संबंधित भागात जास्त साचतं. म्हणजे आधीच दिवसभराच्या कामाने दाब वाढलेला असतो, त्यात दारू वरून आणखी भर घालते.

त्यामुळे पूर्वार्धात झोप लवकर लागते आणि गाढ झोपेचा वाटाही नेहमीपेक्षा वाढू शकतो. 'मेल्यासारखा झोपलो होतो' हे वर्णन रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांपुरतं खरं असतं. याच वेळी रेम मात्र मागे ढकललं जातं आणि कमी होतं.

इथे एक बारीक फरक लक्षात घ्यायला हवा. गेल्या काही वर्षांत अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले गेले. त्यात दिसलं की झोप लवकर लागण्याचा ठळक फायदा मुख्यतः जास्त मात्रेला मिळतो, पण रेमचं नुकसान अगदी कमी मात्रेपासूनच सुरू होतं. म्हणजे थोडी घेतली तर फायदा फारसा नाही, तोटा मात्र आहे. आणि जास्त घेतली तर फायदा दिसतो, पण तोटा त्याहून मोठा होतो.

एका रात्रीचा हिशोब

आता हे घड्याळावर मांडून पाहू. समजा, ६० किलो वजनाचा एक पुरुष रात्री आठ वाजता प्यायला बसतो आणि नऊपर्यंत व्हिस्कीचे दोन लार्ज पेग संपवतो. एक लार्ज पेग ६० मिलीचा, म्हणजे एकूण १२० मिली. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असं लिहिलेलं असतं. त्या हिशोबाने त्याच्या पोटात सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. बिअर 'हलकी' असते असं मानणाऱ्यांसाठी तुलना अशी : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटलीही तेवढंच अल्कोहोल देते.

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात मिसळतं. ६० किलोच्या पुरुषात ते पसरल्यावर रक्तातलं प्रमाण ढोबळमानाने १०० मिली रक्तामागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. अंदाज यायला एक आकडा पुरे : मोटार वाहन कायद्यानुसार गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

यकृत हे अल्कोहोल जाळायला लगेच सुरुवात करतं, पण त्याचा वेग ठरलेला असतो. दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. कुणाचा थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याने आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. काटा कसा खाली येतो ते पाहा.

- रात्री १० : अंथरुणावर पडताना सुमारे ७० मिलिग्रॅम
- रात्री १२ : सुमारे ४०
- रात्री १ : सुमारे २५
- रात्री २ : सुमारे १०
- रात्री २.३० ते २.४५ : जवळपास शून्य

हा ढोबळ हिशोब आहे. पोटभर जेवण झालेलं असेल तर अल्कोहोल हळू शोषलं जातं आणि वरचं टोक खाली राहतं. तेवढ्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असल्यामुळे तिच्या रक्तात प्रमाण जास्त चढतं. पण हिशोबाचा आकार तोच राहतो. रात्रीचा पूर्वार्ध अल्कोहोलच्या अमलाखाली जातो आणि नेमकं रात्रीच्या मध्यावर ते संपत आलेलं असतं.

म्हणजे अडीच वाजता येणारी जाग हा योगायोग नाही. त्याच सुमारास यकृताने आपलं काम उरकलेलं असतं.

अडीच वाजता मेंदूत काय घडतं?

मेंदूला समतोल लागतो. अल्कोहोलने ब्रेक दाबून धरलेला असताना मेंदू स्वस्थ बसत नाही. तो तोल सांभाळायला चेतवणारी बाजू वाढवतो. जोवर अल्कोहोल रक्तात असतं, तोवर ही धडपड कळत नाही. अल्कोहोल ओसरलं की ब्रेक सुटतो, पण ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. गाडी उसळते. झोपेच्या भाषेत यालाच उलटा झटका म्हणता येईल.

या झटक्यात चार गोष्टी एकत्र येतात.

पहिली, मेंदू जास्त जागरूक होतो. छातीत धडधडतं, अस्वस्थ वाटतं, झोप हलकी होते. कुत्रं भुंकलं, पत्र्यावर पावसाची सर वाजली, शेजारी लहान मूल कण्हलं, तरी डोळे उघडतात.

दुसरी, झोपेचा दाब संपलेला असतो. ॲडेनोसिनची जी पुंजी दारूने फुगवली होती, ती पूर्वार्धातल्या गाढ झोपेत खर्च झालेली असते. जाग आल्यावर पुन्हा झोपेकडे ओढणारी ताकदच उरत नाही.

तिसरी, दाबून ठेवलेलं रेम उसळी मारू शकतं. म्हणून पहाटेच्या सुमारास विचित्र, भयाण, लांबलचक स्वप्नं पडतात आणि माणूस दचकून उठतो.

चौथी, शरीराची बाकीची कामं त्याच वेळी अडवणूक करतात. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक असतं. दारू ते दाबते, त्यामुळे लघवीला जास्त होते आणि घसा कोरडा पडतो. दारूमुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब जाणवते आणि घाम येतो. मे महिन्यात, जेव्हा पूर्व विदर्भातल्या रात्रीही तापलेल्या असतात, तेव्हा हा घाम आणि कोरड जास्तच जाणवते.

यांतली एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. पण चारही एकाच दोन-तीन तासांत येतात, म्हणून रात्रीचा उत्तरार्ध तुकड्यातुकड्यांत विभागला जातो. घड्याळात सात तास भरतात, पण सलग झोप मिळत नाही.

मग 'मला तर काहीच जाणवत नाही' असं का वाटतं?

अनेक जण शपथेवर सांगतात की ते सकाळपर्यंत एकदाही उठले नाहीत. ते खोटं बोलत नसतात. झोपेतली काही सेकंदांची किंवा एक-दोन मिनिटांची जाग सकाळी आठवतच नाही. दारू नव्या आठवणी साठवण्याचं कामही बिघडवते, त्यामुळे हे विसरणं आणखी सोपं होतं. लक्षात राहते ती फक्त लवकर लागलेली झोप. फायदा आठवतो, तोटा आठवत नाही, आणि त्यामुळेच हा समज इतका पक्का बसतो.

खरी माहिती बहुतेक वेळा शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे असते. 'रात्रभर घोरत होते', 'मधेच श्वास अडकल्यासारखा आवाज आला', 'चार वेळा उठले' हे बायको सांगते आणि नवरा हसण्यावारी नेतो.

यातलं घोरणं गंभीर असू शकतं. दारूने जीभ आणि घसा यांचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपल्यावर जीभ मागे घसरते आणि हवेची वाट अरुंद होते. कधी वाट काही सेकंद पूर्ण बंद होते, रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि मेंदू श्वास घेण्यासाठी माणसाला क्षणभर जागं करतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ज्यांना तो आधीपासून आहे, त्यांचा त्रास दारूने वाढतो. ज्यांना नाही, त्यांनाही प्यायलेल्या रात्री घोरण्याचा त्रास होऊ शकतो.

'संध्याकाळी लवकर घेतली तर चालेल ना?'

हा प्रश्न रास्त आहे. अल्कोहोल ओसरताना झोप मोडत असेल, तर झोपायच्या आधीच ते ओसरू द्यायचं, असा त्यामागचा विचार असतो. तो बराचसा बरोबर आहे, पण पूर्ण नाही.

१९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. साठीच्या आसपासच्या दहा निरोगी पुरुषांना त्यांनी झोपण्याच्या सहा तास आधी दारू दिली. मात्रा मध्यम होती, दर किलो वजनामागे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त. ६० किलोच्या माणसासाठी ती साधारण तीन स्मॉल पेग होते. झोपायची वेळ आली तेव्हा त्यांच्या श्वासात अल्कोहोल उरलेलं नव्हतं. तरीही त्या रात्री उत्तरार्धातला जागेपणा दुपटीच्या आसपास गेला.

म्हणजे अल्कोहोल रक्तातून गेलं तरी त्याने हलवलेला तोल लगेच जाग्यावर येत नाही. हा छोटा प्रयोग होता आणि त्यातले सगळे पुरुष प्रौढ वयाचे होते, त्यामुळे तरुणांना तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण 'लवकर घेतली म्हणजे झोप सुरक्षित' ही खात्री त्याने हलवली. अंतर वाढवल्याने नुकसान कमी होतं, शून्य होतं असं धरता येत नाही.

उलट टोकाचंही गणित पाहू. तोच ६० किलोचा माणूस रात्री दहाला बसून पूर्ण क्वार्टर, म्हणजे १८० मिली संपवतो असं समजा. त्याच्या रक्तातलं प्रमाण सुमारे १५० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं आणि ते शून्यावर यायला जवळपास दहा तास लागतात. पहाटे पाचला तो उठून मोटारसायकलला किक मारतो तेव्हाही रक्तात ४५ च्या आसपास अल्कोहोल असतं. त्याला वाटतं, रात्रीची उतरली. कायद्याच्या मोजमापात तो अजूनही प्यायलेला असतो, आणि वर झोपही अपुरी असते.

मोहाची 'नैसर्गिक' असते, तिचं काय?

पूर्व विदर्भात मोहफुलांना अन्न म्हणून आणि उत्पन्न म्हणून मोठी जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधार असतानाच लोक टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. या फुलांमध्ये साखर भरपूर असते. ती आंबवली की अल्कोहोल तयार होतं आणि भट्टीवर वाफ थंड करून दारू काढली जाते.

झाड जंगलातलं असलं तरी आंबवण्यातून तयार होणारं अल्कोहोल तेच असतं, जे व्हिस्कीत आणि देशीत असतं. यकृत त्यात भेद करत नाही. उलट एक अडचण वाढते. बाटलीवर टक्केवारी नसते. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची दारू सारखी कडक नसते. त्यामुळे एका ग्लासात नेमकं किती अल्कोहोल आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि वर केलेला घड्याळाचा हिशोब त्याला मांडताच येत नाही.

रोज घेतली की काय होतं?

एखाद्या रात्रीची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी भरून निघते. खरी अडचण सवयीत आहे.

लागोपाठ काही रात्री घेतली की मेंदू सरावतो. झोप लवकर आणण्याचा परिणाम आठवडाभरातच, कधी त्याहून आधी, ओसरू लागतो. आधी दोन पेगांत यायची ती झोप आता तीन पेग मागते. पण झोप मोडण्याचा परिणाम तसा ओसरत नाही. फायदा घटत जातो आणि नुकसान कायम राहतं.

इथून एक चक्र सुरू होतं. रात्र तुटकी गेली की दिवसा थकवा येतो. अंग जास्त दुखतं, कारण अपुऱ्या झोपेत वेदना अधिक तीव्र जाणवते. चिडचिड होते. कामावर दुपारी डोळे मिटू नयेत म्हणून जास्त चहा किंवा खर्रा लागतो. चहातलं कॅफिन आणि तंबाखूतलं निकोटीन दोन्ही संध्याकाळची झोप लांबवतात. मग झोपेसाठी पुन्हा दारू, आणि कालच्यापेक्षा थोडी जास्त. रोवणीच्या हंगामात मजुरी रोजच्या ताकदीवर मिळते, तेव्हा हे चक्र थेट खिशाला लागतं. दारूचे पैसे जातात आणि बुडालेल्या रोजाचेही जातात.

चक्र तोडायला गेलं की आणखी एक सापळा असतो. रोज पिणाऱ्याने एखाद्या रात्री घेतली नाही तर त्या रात्री झोप लागतच नाही. तो म्हणतो, 'पाहिलंत? मला दारूशिवाय झोप येत नाही.' प्रत्यक्षात त्या रात्रीची झोपमोड हा दारू सुटण्याचाच परिणाम असतो. मेंदूने वाढवून ठेवलेली चेतवणारी बाजू आता मोकळी सुटलेली असते. नियमित, जास्त पिणाऱ्यांची झोप दारू सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने बिघडलेली राहू शकते. अनेक जण पुन्हा पिऊ लागतात ते याच काळात.

अचानक बंद करावी का?

हे पिण्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. अधूनमधून घेणाऱ्याने थांबवण्यात काही धोका नाही. दोन-चार रात्री झोप उशिरा लागेल, मग ती मार्गावर येईल.

पण रोज आणि बरीच पिणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, मळमळत असेल आणि घोट घेतल्यावरच बरं वाटत असेल, तर त्याने एकट्याने अचानक बंद करू नये. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-चार दिवसांनी भ्रम होणं, नसलेल्या गोष्टी दिसणं असा जिवावर बेतणारा त्रासही होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सुरक्षितपणे करता येतं. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

आणखी एक चूक हमखास होते. दारूने झोप नीट येत नाही म्हणून वरून झोपेची गोळी घेतली जाते. झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या आणि दारू मेंदूतला तोच ब्रेक दाबतात. दोन्ही एकत्र आले तर श्वास मंदावून थांबू शकतो. हे मिश्रण कधीही करू नये.

आपली झोप दारूने मोडते का, हे कसं ओळखायचं?

यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. एक वही पुरते. आधी म्हटल्याप्रमाणे सकाळी हात थरथरणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. बाकीच्यांनी दोन आठवडे रोज सकाळी पाच गोष्टी लिहाव्यात : काल किती घेतली, शेवटचा घोट किती वाजता, अंथरुणावर किती वाजता, मधे किती वेळा जाग आली आणि किती वाजता, आणि सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का. घोरण्याची नोंद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगावी. दोन आठवड्यांत किमान पाच-सहा रात्री दारूविना जायला हव्यात, नाहीतर तुलना होणार नाही. सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री वाईट जातील. त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नये.

वही वाचताना झोप किती लवकर लागली याकडे कमी लक्ष द्यावं, तीन वाजण्याच्या आसपासच्या जागेकडे जास्त. प्यायलेल्या रात्री ती जाग दिसत असेल आणि कोरड्या रात्री नसेल, तर उत्तर मिळालं. दोन्ही प्रकारच्या रात्री जाग सारखीच येत असेल, तर कारण दुसरं असू शकतं. मधुमेह, प्रोस्टेटचा त्रास, स्लीप ॲप्निया, नैराश्य किंवा न उतरलेली अंगदुखी, यांपैकी काहीही. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. 'झोप येत नाही' या एका वाक्यापेक्षा दोन आठवड्यांची नोंद त्यांना खूप जास्त सांगते.

आणि अंगदुखीमुळे झोप लागत नसेल तर दुखण्यावर इलाज करून घ्यावा. दारू दुखणं तीन-चार तास झाकते. पहाटे ते उघडं पडतं, आणि त्या वेळी झोपही उरलेली नसते.